वेबसाइट आली, पण शब्द कुणाचा चालणार? घरच्या धंद्यातल्या एका भाषणाचं प्रकरण

अभ्यासासाठी एक धंदा घेऊ. नळजोडणीचं साहित्य विकणारं एक कुटुंब. अण्णा मालक, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, आणि अण्णांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात. नोकरीवर १४ माणसं: काउंटरवर पाच, गोदामात चार, हिशेबाला दोन, मालाची ने-आण करणारे दोन, आणि ऑफिसातलं बारीकसारीक बघणारा एक. दुकानात वस्तू साधारण २४०० प्रकारच्या. त्यांतल्या नेहमी खपणाऱ्या ३०० निवडून ताईने WooCommerce या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर वेबसाइट तयार करून घेतली आहे. सोमवारी ती सुरू होणार. शनिवारी काम संपल्यावर सगळ्यांना बसवून सांगायचं ठरलं, आणि भाषण ताईने लिहिलं.

तिचा पहिला मसुदा साधारण असा होता:

"आजचं युग डिजिटल आहे. आपली वेबसाइट म्हणजे आपलं नवं दुकानच, आणि ते २४ तास उघडं असेल. यापुढे वेबसाइटची जबाबदारी आपण सगळ्यांनीच घ्यायची आहे. प्रत्येकाचं काम थोडं थोडं वाढेल, पण आपण एक कुटुंब आहोत, तेव्हा मिळून सांभाळून घेऊ."

वाचायला यात काही वावगं नाही. अडचण ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे. "२४ तास" ऐकल्यावर काउंटरवरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, रात्री दहाला फोन वाजला तर उचलायचा कुणी? "थोडं थोडं काम वाढेल" म्हटलं की पगाराचा विषय निघतो, आणि तो भाषणात कुठेच नाही. "सगळ्यांनीच जबाबदारी घ्यायची" याचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास असा होतो की ती कुणाचीच नाही. पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते "आपण एक कुटुंब आहोत". इतर कुठल्याही कंपनीत हे वाक्य नुसतं गोड बोलणं म्हणून निघून जातं. इथे मात्र खरंच एक कुटुंब आहे, ते समोरच्या तीन खुर्च्यांवर बसलंय आणि बाकीचे १४ जण त्यात नाहीत. हे त्या १४ जणांना मालकांपेक्षा चांगलं माहीत असतं.

जे मसुद्यात नव्हतं ते त्याहून महत्त्वाचं. या धंद्यात आजवर काम चालत आलंय ते तीन माणसांच्या तोंडी हुकमावर. अण्णा फोन करून म्हणतात, "दहा व्हॉल्व्ह बाजूला काढून ठेव, आपला माणूस येतोय." काका दुसरीकडून त्याच मालाचा दर परस्पर ठरवून टाकतात. ताई तिसरंच सांगते. नोकर माणसं तिघांचा अंदाज घेऊन, ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी करतात. काउंटरवर हे खपून जातं, कारण माल समोर दिसतो आणि गिऱ्हाईकही समोर असतं. वेबसाइटला यातलं काहीच दिसत नाही. तिला फक्त नोंद दिसते.

एका व्हॉल्व्हची दुपार

घोळ नेमका कुठे होतो ते एका वस्तूवरून पाहू. सकाळी नोंदीत एका जातीचे ६ व्हॉल्व्ह आहेत आणि कपाटातही ६ आहेत. अकरा वाजता अण्णांच्या फोनवरून गोदामातून ४ व्हॉल्व्ह चिठ्ठीवर गेले. चिठ्ठी खिळ्याला टोचली. सगळ्या चिठ्ठ्यांची बिलं संध्याकाळी करायची, अशी इथली वहिवाट. एक वाजता वेबसाइटवर एकाने ५ व्हॉल्व्ह मागवले, पैसे भरले. वेबसाइटच्या लेखी ६ होते, तिने ५ दिले आणि नोंदीत १ शिल्लक राहिला. ऑर्डर Processing मध्ये आली, म्हणजे पैसे मिळाले, आता माल पाठवा. गिऱ्हाइकाला तसा मेलही आपोआप गेला. तीन वाजता गोदामातला माणूस पॅक करायला गेला, तर कपाटात २.

आता फोन करा, माफी मागा, पैसे परत करा. हे पैसे परत करणंसुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. WooCommerce मध्ये ऑर्डरची स्थिती नुसती Refunded केली की नोंद बदलते, पैसे आपल्याकडेच राहतात. ते खरोखर परत जायला ऑर्डरच्या आत शिरून पेमेंट कंपनीमार्फत परत करण्याचं बटण दाबावं लागतं. शेजारचं Refund manually दाबलं तर तिथेही फक्त नोंदच होते. गिऱ्हाइकाला वाटतं पैसे निघाले, हिशेबालाही तसंच वाटतं, आणि आठवड्याने भांडणाचा फोन येतो.

यावर ताईने आधीच एक तोड काढली होती. माल दोन नगांवर आला की वेबसाइटने तो संपला म्हणून दाखवायचा. Out of stock threshold या रकान्यात तिने २ भरलं होतं. कल्पना ठीक आहे, पण या दुपारी तिचा उपयोग शून्य. नोंदीत ६ दिसत असताना गिऱ्हाईक ५ मागवू शकतंच. ती मर्यादा लागते शिल्लक खाली आल्यावर. शिवाय खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठीची तिला खबरच नाही. म्हणजे हा प्रश्न सेटिंगचा नाही, अण्णांच्या फोनचा आहे. आणि अण्णांच्या फोनबद्दल १४ नोकरांना भाषण देऊन काय होणार? त्याबद्दल बोलू शकणारा माणूस एकच, स्वतः अण्णा.

भाषणाआधीची बैठक

म्हणून भाषणाचा खरा मसुदा शनिवारी नाही, त्याआधी बुधवारी तयार झाला, बंद दाराआड, तिघांच्या बैठकीत. ती गोड झाली नाही. काकांचं म्हणणं होतं की जुन्या गिऱ्हाइकाला फोनवर शब्द देता आला नाही तर धंदा राहिला कशाला. ताईचं म्हणणं, फोन बंदच करा. शेवटी दोन्ही बाजूंनी थोडं सोडलं: शब्द द्यायला हरकत नाही, पण माल कपाटातून हलायच्या आधी बिल झालं पाहिजे, मग सांगणारा कुणीही असो. चिठ्ठीचा खिळा काढून टाकायचा.

दुसरी गोष्ट ठरली ती कुठल्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा. वेबसाइटवरचे दर काका ठरवणार आणि आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी बदलणार. कुठला माल वेबसाइटवर ठेवायचा, कुठला काढायचा, हे ताई. पैसे परत करायचे की नाही हे हिशेबातल्या मॅडम ठरवतील, एका ठरलेल्या रकमेपर्यंत कुणालाही न विचारता; त्यावर असेल तर अण्णांना विचारून. ही शेवटची गोष्ट अण्णांना जड गेली, ते साहजिक आहे. पण दर वेळी मालकाची वाट बघायला लावली तर गिऱ्हाईक ताटकळतं आणि मॅडमच्या हातात जबाबदारी येते ती नुसती बोलणी खाण्याची.

तिसरी गोष्ट पैशाची. काउंटरवरच्या माणसांना विक्रीवर थोडा वाटा मिळतो. त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक उद्या वेबसाइटवरून मागवायला लागलं तर तो वाटा जातो. हे आधी ठरवल्याशिवाय भाषणाला उभं राहणं म्हणजे काउंटरला वेबसाइटच्या विरोधात उभं करणं. माणूस उघड काही बोलत नाही, पण गिऱ्हाइकाला हळूच सांगतो, "कशाला तिकडून घेता, मला फोन करा ना." तिघांनी ठरवलं की ज्या गिऱ्हाइकाचं खातं ज्या माणसाकडे आहे त्याची वेबसाइटवरची खरेदी एक वर्ष त्याच माणसाच्या नावे धरायची. नवं गिऱ्हाईक कुणाच्याच नावे नाही. यातही पळवाट आहे: उद्या कुणी नव्या गिऱ्हाइकाचं घाईघाईने खातं उघडून ठेवेल. म्हणून खात्यांची यादी शुक्रवारच्या तारखेने गोठवली.

गुरुवारी आणखी दोन छोट्या भेटी झाल्या. गोदामातल्या मामांना ताई जाऊन भेटली. कुठला माल कुठे आणि किती, हे वीस वर्षं त्यांच्या डोक्यात आहे. वेबसाइट म्हणजे ते डोक्यातलं सगळ्यांसमोर मांडणं, म्हणजे त्यांच्या किमतीलाच हात घालणं. हे त्यांना १३ जणांसमोर पहिल्यांदा कळलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि नंतर काहीच केलं नसतं. भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, पडद्यावरचं बारीक अक्षर मला दिसत नाही. मी काय करणार?" म्हणून पडद्यावरचं काम गोदामातल्या धाकट्या मुलाला दिलं आणि मोजणीवरचा शब्द मामांना. दुसरी भेट मॅडमची. जिचं काम बदलतंय तिला ते आधी एकटीला कळलं पाहिजे. सभेत फक्त त्यावर शिक्कामोर्तब व्हावं.

शनिवारचं भाषण

प्रोजेक्टरवर वेबसाइट फिरवून दाखवायचा बेत ताईने रद्द केला, ते बरंच झालं. रंग, बोधचिन्ह, पहिलं पान बघून लोक "छान" म्हणतात आणि वीस मिनिटांतली बारा तिथेच जातात. आधी अण्णा उभे राहिले.

"बसा. सोमवारी सकाळपासून आपल्या वेबसाइटवर ऑर्डरी यायला लागतील. पहिली गोष्ट, या वर्षी वेबसाइटमुळे एकही माणूस कमी होणार नाही. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बसून बोलू, आत्ता खोटा शब्द देत नाही.

"दुसरी गोष्ट माझ्याबद्दल आहे. इतकी वर्षं मी फोन केला की माल निघायचा, बिल संध्याकाळी व्हायचं. सोमवारपासून तसं होणार नाही. मी सांगितलं, काकांनी सांगितलं, ताईने सांगितलं, तरी बिल झाल्याशिवाय गोदामातून नग बाहेर पडणार नाही. मी सवयीने फोन करीन, हे मला माहीत आहे. तेव्हा मामा, तुम्ही मला म्हणायचं, 'अण्णा, बिल पाठवा.' मी चिडलो तरी म्हणायचं. आणि मी चिडलो तर ते ताईला सांगायचं. हे मी तिघांसमोर कबूल केलंय आणि आता तुमच्यासमोर करतोय.

"काका, तुमचं सांगा."

काका उठून एवढंच बोलले: "वेबसाइटवरचा दर दर शुक्रवारी बदलेल. मधे कुणी म्हणालं की काकांनी मला दर कमी करून दिलाय, तर माझ्या सहीशिवाय ऐकू नका."

हे एक वाक्य भाषणात मुद्दाम ठेवलं होतं. काका गप्प बसले असते तर खोलीतल्या प्रत्येकाने त्याची नोंद घेतली असती, आणि सोमवारपासून काकांकडे एक वेगळी वाट आहे हे सगळ्यांना कळलं असतं. त्यांना बोलायला लावण्याचा आग्रह अण्णांचा होता.

मग ताई.

"मी वेबसाइट दाखवत नाही, ती तुम्ही घरी मोबाइलवर बघालच. मी एका ऑर्डरची गोष्ट सांगते. सोमवारी सकाळी साडेदहाला कुणीतरी दोन व्हॉल्व्ह मागवले. काउंटरच्या संगणकावर ती ऑर्डर Processing अशी दिसेल. काउंटरवरच्या पाच जणांपैकी सकाळी ज्याचं नाव फळ्यावर लिहिलंय तो ती बघेल. बाकीच्या चौघांनी हात लावायचा नाही. तो कागद छापून गोदामात देईल. गोदामात माल काढणार मामांची माणसं. नग कमी निघाला तर पॅक करायचं थांबवून पहिला फोन मॅडमना, मला नाही. गिऱ्हाइकाशी मॅडम बोलतील. पैसे परत करायचे की दुसरा माल द्यायचा हे त्याच ठरवतील, आणि त्यांनी ठरवलेलं मी बदलणार नाही.

"पॅक झालं, कुरियरच्या माणसाच्या हातात गेलं, त्याची पावती आली, की मगच ऑर्डर Completed करायची. पॅक झाल्यावर नाही. ते दाबलं की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जातो की तुमची ऑर्डर पूर्ण झाली. खोकं आपल्या टेबलावर आणि मेल त्याच्या हातात, असं झालं की तो दुसऱ्या दिवशी आपल्याला खोटारडं म्हणणार, आणि त्याचं चूक नसेल.

"आणखी एक. ऑर्डरच्या बाजूला शेरा लिहायची जागा आहे. तिथे Private note आणि Note to customer असे दोन प्रकार निवडता येतात. दुसरा निवडला तर तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं गिऱ्हाइकाला मेलने जातं. तेव्हा 'हे गिऱ्हाईक फार कटकटीचं आहे' हे लिहायचंच असेल तर निदान प्रकार बघून लिहा."

इथे लोक हसले. आधीच्या दहा मिनिटांत कुणी हललं नव्हतं. हसू आलं ते ही चूक आपल्या हातून होऊ शकते हे प्रत्येकाला पटलं म्हणून, आणि माझ्या मते तो शेरा सोमवारी सगळ्यांच्या लक्षात राहिला असणार.

"आता वेळ. दुपारी दोनपर्यंत आलेल्या ऑर्डरी त्याच दिवशी निघतील. दोननंतरच्या पुढच्या कामाच्या दिवशी. वेबसाइटवरही हेच लिहिलंय, त्यामुळे तुम्हाला धावपळ करायची गरज नाही. वेबसाइट रात्रभर उघडी असेल, आपण नसू. संध्याकाळी सातनंतर कुणीही उत्तर द्यायचं नाही. वेबसाइटवर ऑफिसचा नंबर आहे, तुमच्यापैकी कुणाचाही नाही, आणि तुमचा स्वतःचा नंबर गिऱ्हाइकाला देऊ नका.

"आता काय बंद होतंय ते. संध्याकाळी गोदामात सगळ्या मालाची वही भरायची, ती बंद. तिच्याऐवजी रोज सकाळी मामांनी वेबसाइटवरच्या ३०० पैकी २५ वस्तू मोजायच्या, म्हणजे कामाच्या बारा दिवसांत सगळ्यांवरून एकदा हात फिरतो. नोंद आणि मोजणी जुळली नाही तर मामांचा आकडा खरा धरायचा. चिठ्ठ्याच नाहीत, तेव्हा हिशेबात रोज संध्याकाळी चिठ्ठ्या जुळवायचं काम बंद. काउंटरवरून मोबाइलवर दरपत्रकाचे फोटो पाठवायचं बंद, वेबसाइटची लिंक पाठवा.

"प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळेल. दुसऱ्याचा वापरायचा नाही, माझासुद्धा नाही. कुणी काय बदललं हे ऑर्डरमध्ये नावासकट दिसतं. ते तुम्हाला पकडायला नाही, चूक कुठून झाली ते शोधायला आहे. पहिले तीन महिने वेबसाइटच्या चुकीबद्दल कुणाचाही पैसा कापला जाणार नाही. अट एकच, चूक झाली त्याच दिवशी सांगायची."

भाषण इथे संपलं. शेवटी "मला खात्री आहे की आपण सगळे मिळून" वगैरे जोडायचा मोह ताईला झाला होता, तो आदल्या दिवशी खोडला गेला.

बंद होणारी कामं सांगितलेला परिच्छेद मला या भाषणाचा कणा वाटतो. मालक लोक नव्या जबाबदाऱ्यांची यादी नीट करतात, पण जुनी कामं कुठली सोडायची हे सांगायला विसरतात. मग माणूस भीतीने दोन्ही करत राहतो, वहीही भरतो आणि संगणकही, दोन्ही अर्धवट. इथे प्रत्येक नव्या कामासमोर एक जुनं काम खोडून दाखवलं. त्यामुळे "आमचं काम वाढलं" ही तक्रार पुढे आलीच तर निदान मोजून तरी बघता येईल.

प्रश्न

पहिला प्रश्न काउंटरवरून आला, अपेक्षेप्रमाणे वाट्याचा. उत्तर तयार होतं, अण्णांनीच दिलं, आणि खात्यांची यादी भिंतीवर लावली. ती यादी दिसल्यावर पुढचे दोन हात खाली गेले.

दुसरा प्रश्न अवघड होता. "ताई, वेबसाइटवर दर कमी असेल आणि गिऱ्हाईक काउंटरवर येऊन मोबाइल दाखवून भांडायला लागलं तर?" याचा विचार बुधवारी झाला नव्हता. ताईने काकांकडे पाहिलं. काकांनी जागेवरच सांगितलं: मोबाइलवर आपल्याच वेबसाइटचा दर दिसत असेल तर तो द्यायचा, वाद घालायचा नाही, आणि ती वस्तू कागदावर लिहून ठेवायची, शुक्रवारी मी बघतो. उत्तर चांगलं होतं, पण त्याहून चांगली होती ती नजर. दराचा विषय निघाल्यावर ताईने स्वतः उत्तर दिलं असतं तर पाच मिनिटांपूर्वीची वाटणी तिथेच मोडली असती.

तिसरा प्रश्न माल पोचवणाऱ्या माणसाचा. "सगळं कुरियरने गेलं तर आमचं काय?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. अण्णा म्हणाले, "हे अजून ठरलेलं नाही. जवळचा माल तुम्हीच न्यावा असं माझ्या मनात आहे, पण किती अंतरापर्यंत ते दोन आठवड्यांच्या ऑर्डरी बघून ठरवू. आजपासून तिसऱ्या शनिवारी सांगतो." ठरलेलं नाही हे तारखेसकट सांगता येतं. त्याऐवजी "काळजी करू नका" म्हटलं असतं तर दोघांनीही तेव्हापासून दुसरी नोकरी बघायला सुरुवात केली असती.

सोमवारनंतर

भाषण कामाला लागलं की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. इथे ते तीन ठिकाणी बघता येतं.

एक म्हणजे सकाळची २५ वस्तूंची मोजणी. पहिल्या आठवड्यात फरक येणारच, कारण जुने घोळ वर येतात. वस्तूंची पहिली फेरी बारा दिवसांत संपली, की दुसऱ्या फेरीत त्याच वस्तूंत पुन्हा फरक दिसायला नको. दिसलाच, आणि तोही नेहमी दुपारी जास्त खपणाऱ्या मालात, तर कुठेतरी चिठ्ठी अजून जिवंत आहे असं समजावं, मग ती कागदाची असो की तोंडी.

दुसरं ठिकाण म्हणजे ऑर्डरच्या आतल्या नोंदी. तिथे स्थिती कुणी बदलली त्याचं नाव राहतं. दुसऱ्या आठवड्यात ताईने सगळ्या ऑर्डरी उघडून पाहिल्या तेव्हा Completed करणारं नाव बऱ्याच ठिकाणी तिचंच निघालं. काउंटरवरचा माणूस चुकेल या धास्तीने ती रात्री घरून स्वतःच करून टाकत होती. नोकरांना यातून काय दिसतं? फळ्यावर नाव कुणाचंही लिहा, करणार ताईच. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरला असता तर हे कधी उघडच झालं नसतं. तिने स्वतःच्या खात्यातून रात्री आत जायचं बंद केलं. सकाळी एखादी ऑर्डर राहिलेली दिसली तर फळ्यावरच्या माणसाला विचारायचं, आपण करायची नाही. दोन दिवस उशीर झाला, मग सुधारलं.

तिसरं ठिकाण अण्णांचा फोन. तो बुधवारीच आला. "मामा, दहा व्हॉल्व्ह काढून ठेवा." मामा थोडं थांबून म्हणाले, "अण्णा, बिल पाठवता का?" पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही, मग फोन बंद झाला. गोदामातल्या चौघांचे कान तिकडेच होते. सात-आठ मिनिटांनी काउंटरवरून बिल आलं. अण्णांनी चिडून "आधी माल काढा, मग बघू" म्हटलं असतं तर शनिवारची वीस मिनिटं तिथेच वाया गेली असती, आणि पुन्हा सभा घेऊनही ती भरून आली नसती, कारण चौघांना नियम कुठे संपतो ते कळलं असतं.

नियमाला मर्यादाही आहे. महिनाअखेरीला काउंटरवर रांग असते, तेव्हा बिल व्हायला वीस मिनिटं लागतात आणि खात्यावरचं गिऱ्हाईक दारात गाडी उभी करून वाट बघतं. पहिल्याच महिनाअखेरीला चिठ्ठीचा खिळा परत आला, एका दिवसापुरता. यावर मामांना दटावून उपयोग नव्हता. उपाय निघाला तो गोदामाच्या दाराशी दुसरा संगणक ठेवून तिथेच बिल करण्याचा, म्हणजे खर्चाचा. तो निर्णय भाषणात बसत नाही, मालकांच्या खिशात बसतो.

तिसऱ्या शनिवारी दहा मिनिटांची दुसरी बैठक झाली. माल पोचवणाऱ्या दोघांना अंतर सांगितलं: एका फेरीत, संध्याकाळपर्यंत परत येता येईल एवढ्या टप्प्यातल्या सगळ्या ऑर्डरी त्यांच्याकडे, बाकी कुरियर. फळ्यावरची पाळी पाच जणांऐवजी तिघांतच फिरेल असं ठरलं, कारण दोघांनी स्वतःहून सांगितलं की पडद्यावरच्या कामापेक्षा त्यांना उभ्या गिऱ्हाइकाशी बोलणं जमतं. मॅडमनी पैसे परत करायची त्यांची रक्कम वाढवून मागितली. अण्णांनी ती निम्मीच वाढवली.